एकत्र नको

बुधवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी पहिला फोन आला, तेव्हा तराजूताई एका बटाट्याचं वजन करत होत्या. खरं तर त्या इस्पितळाच्या आहारतज्ज्ञ. पण उकडलेला बटाटासुद्धा काट्यावर चढल्याशिवाय रुग्णाच्या ताटात जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा. म्हणून स्वयंपाकघराने त्यांना पाठीमागे हे नाव दिलं होतं, आणि सतरा वर्षांत ते काही पाठीमागे राहिलं नव्हतं.

फोन तिसऱ्या मजल्यावरून होता. चार रुग्णांचे चेहरे लालबुंद झाले होते, डोकी ठणकत होती, छातीत धडधडत होतं. पाठोपाठ दुसरा मजला बोलला. दोन वाजेपर्यंत आकडा चोवीसवर जाऊन थांबला. डॉक्टरांनी सगळ्यांना अ‍ॅलर्जीवरचं औषध दिलं आणि संध्याकाळपर्यंत सगळे होते तसे झाले. एकाने तर रात्रीचं जेवण कधी येणार असंही विचारलं. पण चोवीस माणसं एकाच दुपारी टोमॅटोच्या रंगाची झाली की कुणाच्या तरी गळ्यात घंटा बांधावीच लागते.

ती आचारीमामांच्या गळ्यात बांधली गेली. दुपारच्या जेवणात भाजलेला बांगडा होता आणि त्यावर दह्याची पातळ चटणी. चटणीची कल्पना मामांची. उकडलेला मासा वॉर्डांतून जसाच्या तसा परत येत होता. मामा आठवडाभर विचार करत राहिले, आणि मग दही, काकडी, मीठ आणि चिमूटभर साखर यांवर येऊन थांबले. त्यानंतर ताटं चाटूनपुसून परत येऊ लागली होती. चटणी मंजूर करणारी सही ताईंची होती. पण सहीला कुणी विचारत नाही, हाताला विचारतात.

इस्पितळाचे अधीक्षक हाडांचे डॉक्टर होते. हाडांत पचन होत नाही, त्यामुळे तो विषय त्यांनी कॉलेजात जिथे सोडला होता तिथेच सुखाने पडून होता. त्यांनी घरी फोन केला. घरी त्यांच्या सासूबाई होत्या. चार वाजता परिपत्रक निघालं. माशाबरोबर दही, माशाबरोबर दूध, दुधाबरोबर फळं, अंड्याबरोबर दूध, अशा एकूण नऊ जोड्या पुढील आदेशापर्यंत बंद. आचारीमामांनी चौकशी होईपर्यंत घरी विश्रांती घ्यावी. चौकशी समितीत अधीक्षक, मेट्रनबाई आणि टिपण ठेवायला आहारतज्ज्ञ. बैठक सोमवारी.

मामांनी पत्र वाचलं, घडी घातली, आपला झारा धुऊन खुंटीला लावला. निवृत्तीला आठ महिने उरले होते. एकतीस वर्षं त्यांनी आजाऱ्यांना जेवू घातलं होतं.

"ताई, मी कंटाळवाणा स्वयंपाक केला असेल," ते म्हणाले. "विष नाही केलं. एवढं तुमच्या त्या टिपणात लिहा, म्हणजे झालं."

जाताना दारातून मागे वळून त्यांनी आणखी एक तक्रार केली. तिसऱ्या मजल्यावरचे दोघेतिघे म्हणत होते की मासा तिखट लागला, जिभेला मिरीसारखं चुरचुरलं. आता मिरी त्यांनी घातलीच नव्हती. इस्पितळात मिरी येतच नाही. आजारी माणूस काहीही बोलतो हे त्यांना मान्य होतं, पण न घातलेल्या मिरीचा ठपका त्यांच्या जिव्हारी लागला होता.

ताईंनी हातातला बटाटा खाली ठेवला. मिरीचं वाक्य त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली.

*

तराजूताईंचा स्वभाव असा, की त्या रागावल्या की मोजायला लागत. गुरुवारी त्या दिवसभर मोजत बसल्या. प्रत्येक ताटाबरोबर एक चिठ्ठी जाते. त्यावर कुणाला काय द्यायचं हे लिहिलेलं असतं, आणि काय उरलं ते परत येताना वॉर्डातली आया लिहिते. या चिठ्ठ्या कुणी वाचत नाही असा सगळ्यांचा समज होता. ताई वाचत.

मासा आणि दह्याची चटणी, दोन्ही खाणारे एकतीस. त्यातले लाल झाले सतरा. मूत्रपिंडाचे रुग्ण बारा. त्यांना दही द्यायचं नसतं, म्हणून नुसता मासा गेला होता. त्यातले लाल झाले सात. मासा न खाणारे सव्वीस. त्यांना त्याच भांड्यातली तीच चटणी उकडलेल्या बटाट्यावर घालून दिली होती. त्यातलं लाल कुणीही झालं नव्हतं.

दही घेतलेले निम्म्याहून थोडे जास्त, दही न घेतलेलेही निम्म्याहून थोडे जास्त. दह्याने काहीच केलं नव्हतं. ते बिचारं घटनास्थळी हजर होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

मग मासा. अर्ध्या-पाऊण तासात चेहरा लाल, डोकं ठणकणं, जिभेला मिरी, अ‍ॅलर्जीच्या औषधाने उतार. एवढं एका ओळीत लिहिल्यावर ताईंना उत्तर दिसायला लागलं. बांगड्यासारख्या माशाच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. मासा गार राहिला तर तो निमूट असतो. मासा उबेत पडला की त्यावरचे जिवाणू हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात, आणि अ‍ॅलर्जीत शरीर जे स्वतः सोडतं तेच माणसाच्या पोटात आयतं जातं. मासा वासाने बिघडलेला वाटेलच असं नाही. आणि हिस्टामिन एकदा झालं की भाजा, तळा, उकडा, ते जागचं हलत नाही. सगळ्या माशांत ते सारखंही होत नाही, म्हणून एकाच वॉर्डातला एक जण लाल आणि शेजारचा होता तसाच.

प्रत्येक जेवणाचा एक नमुना तीन दिवस शीतपेटीत ठेवायचा नियम होता. ताईंनी बुधवारचा बांगडा बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवला.

मासा उबेत कधी पडला, याचा पत्ता मात्र लागेना. पुरवठ्याच्या वहीत स्वच्छ लिहिलं होतं: मासे पहाटे पावणेपाचला आले, बर्फात, तापमान दोन अंश. शीतखोलीचं तापमान दर तासाला नोंदलेलं, तीन, तीन, चार, तीन. अकरा वाजता साफ केलेला मासा मामांच्या हाती आला तेव्हा तो हाताला गार होता, हे मामांनी फोनवर शपथेवर सांगितलं. म्हणजे गार आला, गार खोलीत राहिला, गार निघाला. जिवाणूंना कामाला वेळच नव्हता. वेळ नव्हता तर उत्तर चूक. उत्तर चूक तर मामा घरी.

त्या संध्याकाळी ताई उशिराच घरी पोहोचल्या. त्यांच्या सासूबाईंना बातमी आधीच कळली होती. मासे नि दही म्हटल्यावर दुसरं काय होणार, अंगावर पांढरे डाग पडतात ते वेगळंच, असं त्यांनी भाजी निवडता निवडता सांगितलं. ताईंनी थकल्या आवाजात सांगितलं की पांढरे डाग पडतात ते शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते म्हणून. त्यात ना माशाचा हात, ना दुधाचा. सासूबाईंनी हे सतरा वर्षांत बऱ्याचदा ऐकलं होतं आणि त्यांचं मत सतरा वर्षं मुरलेलं होतं. दुधाबरोबर केळं खाल्लं की पोट फुगतं म्हणून त्यांनी केळं सोडलं होतं. आता नुसतं दूध प्यायल्या तरी पोट फुगत होतं, आणि त्याचा दोष त्या पूर्वी खाल्लेल्या केळ्यांना देत होत्या. दुधातली साखर त्यांना पचत नाही, हे सांगून ताईंनी केव्हाच हात टेकले होते.

"आम्ही बाई पाळतो," सासूबाई म्हणाल्या. "खायचं तर सोडच, मी मासा आणि दूध एका फ्रीजमध्येही राहू देत नाही. मासे आणले की दूध शेजारी ठेवायला देते. तुला कुठलं ठाऊक असायला, तू कामावर असतेस."

ताईंचा घास हातातच राहिला. सासूबाईंना वाटलं, मीठ कमी झालं.

*

शुक्रवारी सकाळी ताई थेट कोठीत गेल्या. कोठी म्हणजे स्वयंपाकघराची वखार आणि शीतखोली, आणि तिथलं राज्य कोठीवाल्या मावशींचं. मावशींच्या कमरेला किल्ल्या असत आणि जिभेला म्हणी. मासे ठेवणं, साफ करणं, धुणं हे सगळं त्यांच्याकडे. दूध-मासे, दूध-फळं यावरून त्यांचा आणि ताईंचा गेली कित्येक वर्षं वाद होता. ताईंचं पचनाचं आख्खं शास्त्र त्यांना तांदूळ निवडता निवडता समजावून झालं होतं, आणि मावशींचं उत्तर एकच असे: शिकलेल्या माणसाचं पोट वेगळं असेल.

शीतखोलीच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. अक्षर ताईंचं, जाड निळ्या पेनाने. मागच्या आठवड्यात एका वॉर्डाने दुधाला माशाचा वास येतो म्हणून दूध परत पाठवलं होतं. बांगड्याचा खोका दुधाच्या कॅनच्या वरच्या फळीवर होता. त्या आठवड्यातल्या बुधवारची ताटं सुटायची होती, घाई होती. ताईंनी कागद ओढला आणि लिहिलं:

दूध आणि मासे एकत्र नको.

ग्रॅमचाही हिशेब न सोडणाऱ्या बाईने त्या दिवशी शब्दांत काटकसर केली होती. एका फळीवर नको, असं तिला म्हणायचं होतं.

"मावशी, बुधवारी मासे कुठे होते?"

मावशींनी तोंडभर हसून सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच, उलट कौतुकाची अपेक्षा होती. मासे पावणेपाचला आले, ते त्यांनी आत ठेवले, तापमान लिहिलं. पाच वाजता दुधाची गाडी आली. आता दोन्ही एकत्र कसे ठेवणार? दूध जास्त नासतं, म्हणून दूध आत, मासे बाहेर. मागच्या बोळात, बॉयलरच्या भिंतीशी, आडोशाला, कुणाचा पाय लागू नये म्हणून. बर्फ वितळून बोळात पाणी झालं, सफाईवाला कुरकुरला, तेव्हा बर्फ काढून टाकला आणि वर ओला कपडा घातला. अकराच्या सुमारास मासे साफ करून बर्फाच्या पाण्यात धुतले, मामांना ते पाणी थंडगार लागतं म्हणून. शीतखोलीचं तापमान मात्र दर तासाला चोख लिहिलं. ते खोलीचं होतं, माशांचं नव्हतं, पण वहीत रकाना खोलीचाच होता.

ताईंनी बोळात जाऊन भिंतीशी थर्मामीटर धरला. चौतीस अंश. पाच ते अकरा, सहा तास. जिवाणूंना एवढा वेळ भरपूर.

परत आल्या तेव्हा मावशी कागदावरची धूळ पदराने पुसत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर सतरा वर्षांनी जिंकलेल्या माणसाचं समाधान होतं.

"तुमची पाटी बघितली तेव्हा मी म्हटलंच," मावशी म्हणाल्या, "अखेर ताईंनाही पटलं. उशिरा का होईना. कुणाला सांगितलं नाही हो मी, तुम्हाला ओशाळं वाटेल म्हणून."

ताई खुर्चीवर बसल्या. ती खुर्ची नव्हती, कांद्याचं पोतं होतं, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

*

सोमवारी प्रयोगशाळेचं पत्र आलं. किलोमागे दोनशे मिलिग्रॅम हिस्टामिनपर्यंत मासा चालतो. बुधवारच्या बांगड्यात आठशे साठ होतं. ताईंनी ते पत्र, चिठ्ठ्यांचा तक्ता आणि दाराचा कागद एका फाइलीत घातला. फाइल बंद करण्याआधी कागद एकदा बाहेर काढला आणि पुन्हा आत ठेवला. तो नसता तरी मामा सुटले असते. मासा बोळात राहिला, कोठीची चूक, एवढं लिहून भागलं असतं. कोठीवाल्या मावशींना लिहिता येत असलं तरी टिपण त्या वाचणार नव्हत्या. फाइल घेऊन त्या जिना चढल्या.

बैठकीच्या खोलीत त्यांनी दोन काचेचे पेलेही नेले होते. अधीक्षकांनी पेल्यांकडे बघून सांगितलं की चहा येतोच आहे. ताई म्हणाल्या, हा चहा नव्हे. एका पेल्यात कोमट दूध होतं, दुसऱ्यात तेवढंच कोमट दूध आणि कुस्करलेलं केळं. दोन्हींत त्यांनी पोटात असतं तेवढं तीव्र आम्ल आणि प्रयोगशाळेतून आणलेलं पेप्सिन घातलं. पेप्सिन म्हणजे जठरात प्रथिनं तोडणारा रस. मग त्यांनी तक्ता वाचायला घेतला. एकतीसमध्ये सतरा, बारामध्ये सात, सव्वीसमध्ये शून्य. मेट्रनबाईंनी आकडे लिहून घेतले आणि दह्याच्या बाजूने मान हलवली.

तक्ता संपेपर्यंत दोन्ही पेल्यांतलं दूध फाटलं होतं.

"फळामुळे दूध पोटात फाटतं असं परिपत्रकात आहे," ताई म्हणाल्या. "ते खरं आहे, सर. फळाशिवायही फाटतं. फाटल्यामुळेच ते पोटात थोडं थांबतं आणि पचतं. पुढे आतड्यात पिष्ट, प्रथिनं, चरबी, सगळ्यांचे रस एकदमच येतात. जोडी बघून येत नाहीत."

अधीक्षक दोन्ही पेल्यांकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांनी विचारलं, हे माझ्याही पोटात होतं का. ताई म्हणाल्या, रोज, सकाळच्या चहापासून. अधीक्षकांनी समोर आलेला चहा थोडा पुढे सरकवला.

मेट्रनबाईंनी संधी साधून सांगितलं की जबड्याला तार बांधलेले तीन रुग्ण केळ्याच्या दुधावर होते, बुधवारपासून ते नुसत्या दुधावर आहेत आणि खाणाखुणांनी फार वाईट बोलतात. ते तिघेही अधीक्षकांचेच रुग्ण होते. त्या नऊ जोड्या कुठून आल्या, असं मेट्रनबाईंनी निरागसपणे विचारलं. अनुभवी व्यक्तीकडून, असं अधीक्षकांनी सांगितलं आणि विषय माशाकडे वळवला. मासा उबेत राहिला हे त्यांना पटलं होतं. आता राहिला प्रश्न कुणामुळे. टिपणात 'कारण' असा रकाना होता, आणि तो भरल्याशिवाय फाइल बंद होत नसे. कोठीवाल्या बाई, असं ते स्वतःच म्हणाले आणि पेन उघडलं.

ताईंनी दारावरचा निळ्या अक्षरांचा कागद टेबलावर ठेवला.

"त्यांनी पाटी पाळली, सर. पाटी माझी आहे. मला फळी म्हणायचं होतं, मी एकत्र लिहिलं. आणि त्या सूचनेचा अर्थ कोठीत काय होईल, हे या इस्पितळात मला सगळ्यात जास्त ठाऊक होतं."

अधीक्षकांनी कागद सरळ वाचला, उलटा करून पाहिला. मग त्यांनी हळूच विचारलं की 'तांत्रिक कारण' असं लिहिलं तर चालेल का. म्हणजे कुणाचंच नाव येणार नाही. ताई म्हणाल्या, कारण तांत्रिक नाही, मराठी आहे. टिपण त्यांच्याच हातात होतं. रकान्यात त्यांनी लिहिलं: आहारतज्ज्ञाने लिहिलेली संदिग्ध सूचना. खाली सही केली. त्यांच्या सहीला या वेळी विचारलं गेलं होतं.

मंगळवारी ताईंना लेखी ताकीद मिळाली. तिच्यात दोन शुद्धलेखनाच्या चुका होत्या. त्या दुरुस्त करून त्यांनी एक प्रत परत पाठवली. परिपत्रक मागे घेतलं गेलं, नऊच्या नऊ जोड्यांची बंदी उठली. मामांना बोलावणं गेलं. ते आले, खुंटीवरचा झारा काढला, पुन्हा एकदा धुतला आणि ताईंच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. सगळी हकिगत त्यांना आधीच कळलेली होती.

"पाच दिवस घरी बसवलंत तुम्ही मला," ते म्हणाले. "घरी बायकोने स्वयंपाक शिकवायला घेतला होता."

ताईंनी माफी मागितली. मामा म्हणाले, ती नको, बुधवारी जेवायला खाली या.

*

शीतखोलीच्या दारावर आता नवी पाटी होती. तीत वीस शब्द होते. मासे सर्वांत खालच्या फळीवर, झाकलेल्या खोक्यात, बर्फासह. दूध वरच्या फळीवर. दोन्ही याच खोलीत. कोणतीही वस्तू कोणत्याही कारणाने बोळात ठेवू नये. मावशींनी ती पूर्ण वाचली. वाचून झाल्यावर म्हणाल्या की एवढं लांब कुणी वाचत नाही. आणि दोन्ही याच खोलीत म्हणजे ताईंचं पुन्हा फिरलं म्हणायचं. पण मासे त्यांनी खालच्याच फळीवर ठेवले, आणि वहीत खोलीबरोबर माशाचंही तापमान लिहिलं. नवा रकाना त्यांनी स्वतः आखला होता, जरा वाकडा.

बुधवारी बारा वाजता ताई स्वयंपाकघरात लाकडी बाकावर बसल्या. मामांनी त्यांच्यापुढे भाजलेला बांगडा ठेवला आणि वर दोन चमचे दह्याची चटणी घातली. सगळं स्वयंपाकघर आपापलं काम करत असल्यासारखं उभं होतं. मावशी समोर स्टूल घेऊन बसल्या. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि मग नजर ताईंच्या गालांवर लावली.

ताईंनी मासा संपवला, चटणी पुसून घेतली, पाणी प्यायल्या. साडेबारा झाले. पाऊण वाजला. मावशींनी एकदा उठून उजेडात ताईंचा कान तपासला आणि परत बसल्या. एक वाजला. गाल होते त्याच रंगाचे होते.

मग मावशींनी स्वतःसाठी एक ताटली घेतली. तीत मासा वाढून घेतला. चटणीकडे बघितलं, चमचा हातात घेतला, परत ठेवला.

"पुढच्या बुधवारी बघू," त्या म्हणाल्या.

मामा मात्र एवढा वेळ हात पुसत ताईंच्या शेजारी उभे होते. त्यांना रंगाशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी विचारलं, चव कशी होती.

ताईंनी नेहमीप्रमाणे मोजूनमापून विचार केला.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण थोडी मिरी चालली असती."